विक्रेता ‘थांबा’ म्हणतो तेव्हा मुदत थांबते का?

“परदेशी साइटवर बायर प्रोटेक्शन असतं. विक्रेता उत्तर देतोय तोवर थांबा, पैसे कुठे जात नाहीत,” असा सल्ला अनेकदा मिळतो.

हे संरक्षण, म्हणजे वस्तू आली नाही तर पैसे परत मिळण्याची सोय, खरंच असतं, पण त्याला मुदत असते आणि विक्रेत्याशी बोलणं चालू आहे म्हणून ती थांबत नाही. समजा, १ मार्चला पैसे भरले आणि वस्तू ३१ मार्चपर्यंत येणार होती. काही मोठ्या साइट्सवर तक्रारीची मुदत या शेवटच्या अपेक्षित तारखेपासून ३० दिवस असते, म्हणजे ३० एप्रिलपर्यंत. २० एप्रिलला विक्रेता म्हणाला, “अजून दोन आठवडे थांबा.” तुम्ही ४ मेपर्यंत थांबलात, की साइटवरचा मार्ग बंद. विक्रेता लबाडच असेल असं नाही, पण नुकसान तुमचंच होतं.

पेमेंट सेवेची मुदत वेगळी असते. एका प्रचलित नियमानुसार पैसे भरल्यापासून १८० दिवस मिळतात, पण वाद नोंदवल्यावर २० दिवसांत त्याचं दाव्यात, म्हणजे पेमेंट सेवेनेच निर्णय द्यावा अशा मागणीत, रूपांतर केलं नाही तर तो आपोआप बंद होतो, पुन्हा उघडत नाही. इथेच बरेच जण अडकतात. कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे तो व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो. त्याची मुदत बँकेलाच विचारा.

पडताळायचं असेल तर ऑर्डरचं पान उघडा आणि मुदत कोणत्या तारखेपासून मोजतात ते पाहा: पैसे भरल्याच्या, वस्तू पोहोचल्याच्या की अपेक्षित तारखेच्या. विक्रेत्याशी बोलणं साइटच्या मेसेजमध्येच ठेवा. “आधी तक्रार मागे घ्या, मग रिफंड देतो” असं तो म्हणाला, तरी पैसे खात्यात दिसेपर्यंत ती मागे घेऊ नका.