प्रमुख घटक विश्लेषण

प्रमुख घटक विश्लेषण : एकमेकांशी जोडलेल्या अनेक मोजमापांऐवजी मोजक्या नव्या संख्या वापरता याव्यात यासाठीची संख्याशास्त्रीय पद्धत. पीसीए या नावाने ती अधिक ओळखली जाते. तिची भूमितीय कल्पना कार्ल पिअर्सन यांनी १९०१ मध्ये मांडली. ‘प्रमुख घटक’ हे नाव आणि आजची मांडणी हॅरोल्ड होटेलिंग यांच्या १९३३ च्या लेखनातून रूढ झाली.

मराठवाड्यातले उदाहरण घेऊ. समजा, परभणी जिल्ह्यातल्या ६० विहिरींचे पाणी तपासले आणि प्रत्येक विहिरीचे सहा आकडे हाती आले : विद्युत वाहकता, क्लोराइड, सोडियम, काठिण्य, सल्फेट आणि नायट्रेट. (पुढचे आकडे उदाहरणापुरते आहेत.) सहा आकडे म्हणजे सहा मिती, पण माहिती सहापट नाही. पाण्यात क्षार वाढले की वाहकता वाढते आणि तिच्याबरोबर क्लोराइड, सोडियम, काठिण्य आणि सल्फेटही वर जातात. एकच गोष्ट आपण पाच रकान्यांत पुन्हा पुन्हा लिहीत असतो.

आधी सगळे रकाने एका मापावर आणावे लागतात. वाहकतेचे प्रमाण विचलन ६०० आणि सोडियमचे ६० असेल, तर प्रचरणात, म्हणजे आकड्यांचा पसारा दाखवणाऱ्या या विचलनाच्या वर्गात, शंभरपट फरक पडतो. मग पहिला घटक जवळजवळ एकट्या वाहकतेचाच होतो. म्हणून प्रत्येक आकड्यातून त्या रकान्याची सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने भागतात. आता प्रत्येक रकान्याचे प्रचरण १, आणि सहांचे मिळून ६.

यानंतर सहसंबंधांच्या सारणीवरून अशी दिशा शोधतात, की जिच्यावर विहिरी सर्वांत जास्त पसरलेल्या दिसतील. तो पहिला घटक. त्याला काटकोनात असलेल्या दिशांपैकी सर्वाधिक पसारा जिच्यावर दिसतो तो दुसरा, आणि असेच पुढे. प्रत्येक दिशेवरचे प्रचरण म्हणजे तिचे आयगेनमूल्य. आपल्या विहिरींची मूल्ये समजा ३.३०, १.१२, ०.६८, ०.४५, ०.३० आणि ०.१५ आली. पहिल्या घटकातले भार, म्हणजे त्या दिशेत प्रत्येक रकान्याला मिळालेले वजन, असे : वाहकता ०.५१, क्लोराइड ०.४८, सोडियम ०.४४, काठिण्य ०.४२, सल्फेट ०.३६, नायट्रेट ०.०८. हा खारेपणाचा घटक, हे वाचताक्षणी कळते. एखाद्या विहिरीचे प्रमाणित आकडे याच क्रमाने १.५, १.२, १.०, ०.८, ०.५ आणि −०.३ असतील, तर त्यांना भारांनी गुणून बेरीज २.२७ येते. सहा आकड्यांच्या जागी एक आकडा आला; हाच त्या विहिरीचा या घटकावरचा गुणांक. भारांची चिन्हे सगळीच्या सगळी उलटी आली तरी अर्थ बदलत नाही. दोन सॉफ्टवेअरांचे निकाल ताडताना यावरून घोटाळा होतो.

किती घटक ठेवायचे, इथे खरी अडचण येते. एकूण प्रचरणाचे ८० टक्के टिपावेत, या रूढ संकेताप्रमाणे तीन घटक लागतात, कारण दोहोंत ७३.७ टक्केच येतात आणि तिसऱ्यासह ८५. एकाहून मोठी आयगेनमूल्येच ठेवावीत, असा कायझर यांचा नियम दोन घटक सुचवतो. १९६५ मध्ये हॉर्न यांनी सुचवलेले समांतर विश्लेषण मात्र एकावरच थांबते. त्याच्या एका प्रचलित रूपात प्रत्येक रकान्यातले आकडे पत्त्यांसारखे वेगवेगळे पिसतात, म्हणजे रकान्यांमधले नाते तुटते, आणि पुन्हा आयगेनमूल्ये काढतात. हे शेकडो वेळा केले की निव्वळ योगायोगाने किती मूल्य येऊ शकते ते समजते. ६० विहिरी आणि सहा रकाने असताना दुसरे मूल्य असेच १.२ च्या आसपास येते. आपले १.१२ त्याहून कमी आहे. कायझर यांचा नियम नमुन्यातल्या या योगायोगाचा हिशेबच धरत नाही, म्हणून केवळ त्याच्यावर विसंबू नये.

तरीही दुसरा घटक टाकून देण्याआधी त्याचे भार वाचावेत. इथे नायट्रेटचा भार ०.९२ आहे. १ च्या जवळचे आयगेनमूल्य म्हणजे जेमतेम एका मूळ रकान्याएवढी माहिती, आणि हा घटक म्हणजे जवळपास नायट्रेटचाच रकाना आहे. नायट्रेट खतांतून, उकिरड्यातून, शोषखड्ड्यातून येते. खडकातून येणाऱ्या क्षारांशी त्याचा फारसा संबंध नाही. समांतर विश्लेषण रकान्यांमध्ये सामाईक काय आहे एवढेच सांगते, महत्त्वाचे काय ते नव्हे. खारेपणाचा नकाशा काढायचा असेल तर एक घटक पुरे. प्रश्न पिण्याच्या पाण्याचा असेल, तर पहिल्या घटकाशेजारी नायट्रेटचा मूळ आकडाच ठेवावा. भारतीय मानकाची लिटरला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा त्याच आकड्याला लावता येते, घटकाच्या गुणांकाला नाही.

एखादी अतिखारी विहीर सगळी दिशा स्वतःकडे ओढून घेऊ शकते. शंका आल्यास ती वगळून गणित पुन्हा करावे. भार ठळकपणे बदलले, तर पहिला घटक साठ विहिरींचा नसून त्या एकीचाच होता.