‘आरओ की यूव्ही’ विचारणाऱ्याला कुठलं पान दाखवायचं?

सर्चवरच्या जाहिरातींची बोली 1998 मध्ये गोटू या सर्च इंजिनने रुळवली: क्लिकमागे जो जास्त पैसे देईल तो वर. गूगलनेही 2002 मध्ये क्लिकमागे पैसे घ्यायला सुरुवात केली, पण क्रम लावताना बोलीबरोबर जाहिरातीवर किती जण क्लिक करतात हेही धरलं. शोधणाऱ्याच्या मनात काय आहे, याला तिथून पैशात मोल आलं.

त्याच वर्षी संगणकशास्त्रज्ञ आंद्रे ब्रोडर यांचा, लोक वेबवर कशासाठी शोधतात यावरचा निबंध आला. त्यांनी अल्टाव्हिस्टा या सर्च इंजिनवरचे 400 शोध तपासले. साधारण 48 टक्के माहितीसाठी होते, 30 टक्के काहीतरी काम उरकण्यासाठी, 20 टक्के ठरावीक साइटवर पोचण्यासाठी. ही विभागणी जाहिरातींसाठी नव्हती. जाहिरातवाल्यांनी ती उचलली आणि माहिती व खरेदी यांच्यामध्ये तुलनेचा खाना घातला, कारण दुकानदाराचं गिऱ्हाईक बहुतेकदा तिथेच अडलेलं असतं.

दादरमधला वॉटर प्युरिफायरचा विक्रेता घेऊ. ‘टीडीएस म्हणजे काय’, ‘आरओ की यूव्ही’ आणि ‘वॉटर प्युरिफायर दादर आज फिटिंग’ हे तीन शोध एकाच गटात टाकून तिघांनाही ‘20 टक्के सूट’ दाखवली, की पहिले दोघे पान उघडून लगेच परत जातात.

दुसऱ्याला खरं उत्तर लागतं. मुंबईत पालिकेचं पाणी तलावांतून येतं आणि त्यात क्षार कमी असतात, म्हणून थेट पालिकेच्या नळाला बहुतेक घरांत यूव्ही पुरतो. टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर ते तपासून आरओचा विचार करायचा. हे पानावर सरळ लिहावं आणि खाली दोन्हींच्या किमती, फिल्टर बदलण्याचा खर्च द्यावा. तिसऱ्याला हे वाचायचं नसतं. त्याला मॉडेल, किंमत, फिटिंगची वेळ आणि फोनचं बटण पुरे.

आता बोली. समजा एका विक्रीत 1,500 रुपये सुटतात. तयार गिऱ्हाइकाच्या 100 क्लिकमधून 4 विक्री झाल्या, तर क्लिकला 60 रुपयांपर्यंत तोटा नाही. तुलनेत 100 मागे एक, म्हणजे 15 रुपये. माहितीच्या शोधात 1,000 मागे 2, म्हणजे 3 रुपये. सरसकट 20 रुपयांची बोली लावली, तर खालच्या दोन खान्यांत पैसे बुडतात आणि वरच्यात स्पर्धक पुढे जातो. मात्र तुलना करणारा आठवड्याने दुकानाचं नाव टाकून परत येतो, आणि ती विक्री बहुतेकदा त्या शेवटच्या शोधाच्या नावावर चढते. म्हणून तुलनेचे शोध तोट्यात दिसले तरी मी ते लगेच बंद करत नाही.

‘एक्झॅक्ट मॅच’ म्हणजे जाहिरात फक्त आपण दिलेल्या शब्दांच्याच शोधाला दाखवायची, पण 2018 पासून गूगलचा हा पर्यायही त्याच अर्थाच्या वेगळ्या शब्दांना जुळतो. त्यामुळे खाने आपोआप एकमेकांत मिसळतात. लोकांनी प्रत्यक्षात काय टाइप केलं हे सांगणाऱ्या ‘सर्च टर्म्स’च्या अहवालात ते दिसतं: खरेदीच्या गटात ‘दुरुस्ती’, ‘घरच्या घरी’, ‘म्हणजे काय’ असे शब्द आले, तर ते नकारात्मक यादीत, म्हणजे ज्यांवर जाहिरात दाखवायची नाही अशा शब्दांत, टाकावे लागतात. ही यादी समानार्थी शब्द स्वतःहून धरत नाही. ‘दुरुस्ती’ टाकलं तरी ‘रिपेअर’ वेगळं टाकायचं.