पृष्ठवंशीय-अपृष्ठवंशीय प्राण्यांचा तक्ता (सहावी)

सहावीच्या सायन्समध्ये हा तक्ता असतो, एका बाजूला पाठीचा कणा असलेले म्हणजे पृष्ठवंशीय प्राणी आणि दुसऱ्या बाजूला कणा नसलेले अपृष्ठवंशीय. प्रश्न एकच विचारायचा, आत मणक्यांची माळ आहे का? बाकी प्राणी केवढा आहे, कडक आहे का मऊ, पाय किती, हे सगळं बाजूला ठेवायचं.

| कणा आहे | कणा नाही |
|---|---|
| मासा, बेडूक, पाल, साप, कासव, चिमणी, वटवाघूळ, गाय, माणूस | गांडूळ, गोगलगाय, खेकडा, झुरळ, कोळी, डास, फुलपाखरू, मुंगी |

डावीकडे गट पाचच, मासे, उभयचर, सरपटणारे, पक्षी आणि सस्तन. उजवीकडे मात्र गर्दी, कारण प्राण्यांच्या ज्ञात जातींपैकी 90 टक्क्यांहून जास्त जातींना कणाच नाही. तक्त्यात दोन्ही रकाने सारखे दिसतात म्हणून फसायचं नाही.

सगळ्यात जास्त घोळ साप आणि गांडुळात होतो. दोघं लांब, दोघांना पाय नाहीत, म्हणून मुलं दोघांना एकाच रकान्यात टाकून मोकळी होतात. पण सापाच्या अंगात दोनशेच्या वर मणके असतात, प्रत्येक मणका पुढच्यावर थोडासाच वळतो आणि अशी शेकडो छोटी वळणं मिळून तो वेटोळं घालतो. गांडुळाच्या अंगावर बाहेरून कडी-कडी दिसतात तेच मणके असं वाटतं, पण ती कडी नुसती स्नायू आणि कातडीची, आत हाडाचा तुकडाही नाही. साप मेला, कुजला तरी सांगाडा मागे उरतो, गांडुळाचं तसं काहीच उरत नाही.

दुसरी जोडी कासव आणि खेकडा. दोघांवर कडक कवच, म्हणून "बाहेर कडक म्हणजे कणा नाही" असा शॉर्टकट कोणी वापरला की कासव हमखास चुकतं. कासवाचं रिकामं कवच उलटं करून आतून बघितलं तर मधोमध मणक्यांची रांग चिकटलेली दिसते, फासळ्याही त्यातच मिसळलेल्या, थोडक्यात कवच हा त्याच्या सांगाड्याचाच भाग. खेकड्याचं कवच हाडाचं नसतं आणि आत मणके नसतात, शिवाय ते वाढत नाही म्हणून अंग वाढलं की जुनं टाकून नवं तयार करावं लागतं. झुरळाचंही तेच, कधीतरी पांढरंफटक झुरळ दिसतं ना, ते वेगळ्या जातीचं नसतं, नुकतीच कात टाकलेली असते आणि नवं कवच अजून कडक आणि तपकिरी व्हायचं असतं. आता कात तर सापही टाकतो, पण ती फक्त वरची कातडी, सांगाडा आतच राहतो, त्यामुळे कात बघून रकाना ठरवू नये.

शार्क अजून एक. तिच्यात हाडं नाहीत, सगळा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानाच्या पाळीच्या वरच्या लवचिक भागासारखा. तरी मणके आहेत, कूर्चेचे का असेनात, म्हणून शार्क डावीकडेच.