ई-सिम प्रोफाइल काढून टाकणे

मोबाईलचा प्लॅन बंद केल्यावर फोनमधल्या चिपवर उतरवलेली त्या क्रमांकाची नोंद पुसून टाकण्याची ही क्रिया. ही चिप फोनमध्येच पक्की बसवलेली असल्याने कार्डासारखी काढून हातात घेता येत नाही. कंपनीकडचा प्लॅन आणि फोनमधले प्रोफाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्लॅन बंद केला म्हणून प्रोफाइल आपोआप जातेच असे नाही, आणि नुसते प्रोफाइल पुसले तर पोस्टपेडचे बिल येतच राहते. म्हणून आधी प्लॅन बंद करून कंपनीचा तसा एसएमएस येऊ द्यावा, मगच प्रोफाइलला हात लावावा.

समजा, सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका निवृत्त बाईंच्या आयफोनमध्ये दोन ई-सिम आहेत. एक बँकेला दिलेला जुना क्रमांक, दुसरा नुकताच बंद केलेला पोस्टपेड. सेटिंगमध्ये मात्र दोन्हींची नावे Primary आणि Secondary एवढीच दिसतात. चूक होते ती इथेच. त्यावर सोपा उपाय आहे. जी लाइन बंद झाली असे वाटते तिच्यातले Turn On This Line हे बटण आधी नुसते बंद करावे आणि घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला दिलेल्या आपल्या जुन्या क्रमांकाला फोन लावावा. रिंग वाजली तर निवड बरोबर. वाजली नाही तर बटण पुन्हा चालू करावे, कारण बंद केलेली लाइन परत येते, पुसलेली येत नाही.

खात्री पटली की Settings मध्ये Mobile Service उघडावे, ती लाइन निवडावी आणि Delete eSIM दाबावे. अँड्रॉइडवर हाच पर्याय सिमच्या यादीत असतो. शब्द कंपनीगणिक बदलतात. या वेळी वाय-फाय चालू असावे. प्रोफाइल पुसल्यावर चिप तशी सूचना कंपनीच्या सर्व्हरला पाठवते. इंटरनेट नसेल तर ही सूचना फोनमध्येच अडकून राहते आणि सर्व्हरच्या लेखी ते प्रोफाइल अजून याच फोनवर असते.

चुकून चालू क्रमांक पुसला गेला, तर ई-सिम उतरवताना वापरलेला जुना क्यूआर कोड बहुधा पुन्हा चालत नाही. कंपनीकडून नवा घ्यावा लागतो. क्रमांक मात्र जात नाही, कारण तो कंपनीकडे नोंदलेला असतो.

बंद केलेल्या क्रमांकाचे काय होते, हेही पाहायला हवे. भारतात असा क्रमांक किमान 90 दिवस कोणाला देत नाहीत. त्यानंतर तो नव्या ग्राहकाकडे जाऊ शकतो. फोनमधून प्रोफाइल पुसल्याने बँक, आधार किंवा गॅसच्या नोंदीतला क्रमांक बदलत नाही आणि तिथले ओटीपी जुन्याच क्रमांकावर जात राहतात. त्यामुळे तो क्रमांक चालू असतानाच या नोंदी बदलून घेणे हे सगळ्यात पहिले काम, प्लॅन बंद करण्याच्याही आधीचे.