विक्री दहा नगांनी वाढली, कारखान्याकडची ऑर्डर ऐंशीने

तान्ह्या बाळांना लागणाऱ्या डायपरची गरज आठवड्यागणिक फारशी बदलत नाही. तरीही प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने आपल्या पॅम्पर्स डायपरच्या ऑर्डरी तपासल्या, तेव्हा दुकानातल्या विक्रीत थोडाच चढउतार होता, वितरकांच्या ऑर्डरीत बराच जास्त आणि कंपनी कच्च्या मालासाठी देत असलेल्या ऑर्डरीत त्याहूनही जास्त. पुरवठा साखळीत दुकानाकडून कारखान्याकडे मागे जावे तसे हेलकावे वाढत जातात, यालाच बुलव्हिप इफेक्ट म्हणतात. अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठातील जे फॉरेस्टर यांनी त्याचे गणित 1961 सालीच मांडले होते.

यासाठी कोणी घाबरट किंवा लोभी असावे लागत नाही. साखळीतला प्रत्येक जण नियमाने वागला तरी हे घडते आणि मला यातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. ते आकड्यांतच पाहू.

दुकानदार घाऊक व्यापाऱ्याकडून माल घेतो, तो वितरकाकडून आणि वितरक कारखान्याकडून. तिघांचा नियम एकच: गेल्या चार आठवड्यांची सरासरी काढायची आणि वाटेतला माल धरून चार आठवडे पुरेल एवढा साठा ठेवायचा. विक्री आठवड्याला 100 नग, म्हणून साठा 400. सगळे स्थिर आहे.

आता विक्री 110 होते आणि तिथेच टिकते. पहिल्या आठवड्यात दुकानदाराची सरासरी 102.5 होते, म्हणजे साठा 410 हवा. विकलेले 110 भरून काढायचे आणि साठ्यात 10 वाढवायचे, म्हणून तो 120 मागवतो. सरासरी 110 वर पोहोचेपर्यंत, म्हणजे चार आठवडे, हेच चालते. पाचव्या आठवड्यापासून ऑर्डर 110.

घाऊक व्यापाऱ्याला मात्र फक्त 120 हा आकडा दिसतो. त्यातले 10 नग ग्राहकांनी घेतलेले नाहीत, ते दुकानदाराचा साठा वाढवण्यासाठी आहेत, हे त्याला कळायला मार्ग नाही. त्याची सरासरी 105 होते, साठा 420 हवा, म्हणून तो 140 मागवतो. वितरकासाठी 140 हीच मागणी. त्याची सरासरी 110, साठा 440 हवा, म्हणजे आणखी 40. कारखान्याच्या हाती 180 नगांची ऑर्डर पडते. विक्री दहा टक्के वाढली, ऑर्डर ऐंशी टक्के.

खरी पंचाईत पुढे आहे. पाचव्या आठवड्यात दुकानदार 110 वर येताच घाऊक व्यापाऱ्याला मागणी घटल्याचे दिसते. तो साठा कमी करायला घेतो आणि 100 मागवतो, तर वितरक अवघे 60. ग्राहकांनी एकाही आठवड्यात 110 पेक्षा कमी खरेदी केलेली नसताना कारखान्याची ऑर्डर मूळच्या 100 च्याही खाली जाते. चार आठवडे 180, मग चार आठवडे 60, मग 120 आणि तेराव्या आठवड्यापासून 110. पहिल्या महिन्यात जादा पाळी लावणारा व्यवस्थापक दुसऱ्या महिन्यात यंत्रे बंद ठेवतो.

दुकानातल्या विक्रीचा आकडा तिघांनाही दाखवला आणि प्रत्येकाने आपला साठा त्यावरूनच ठरवला, तर काय होईल? दुकानदार 120, घाऊक व्यापारी 130, वितरक 140 मागवतो आणि पाचव्या आठवड्यात सगळे एकदमच 110 वर येतात. 60 ची घसरण पूर्णपणे टळते. तरी 140 उरतातच, कारण तिघांनाही आपापला साठा वाढवायचा आहे. त्यामुळे माहिती वाटून घेतली की प्रश्न मिटला, असे सांगितले जाते ते अर्धेच खरे आहे. उरलेला भाग कमी करायचा तर माल लवकर पोहोचायला हवा. मूळच्याच पद्धतीत चारऐवजी दोन आठवड्यांचा साठा पुरला, तर 180 च्या जागी कारखान्याला सुमारे 134 ची ऑर्डर जाते. चारऐवजी आठ आठवड्यांची सरासरी घेतली तरी आकडा तोच येतो, मात्र मग खरा बदलही उशिरा लक्षात येतो.

प्रत्यक्षात याला आणखी कारणे येऊन मिळतात: महिनाअखेरीस एकदम दिलेल्या मोठ्या ऑर्डरी, सवलतीच्या काळात केलेली साठेबाजी, टंचाईच्या भीतीने फुगवलेली मागणी. हाउ ली, पद्मनाभन आणि व्हाँग या संशोधकांनी 1997 मध्ये ही कारणे वेगवेगळी करून दाखवली.

आपल्या साखळीत हे घडते आहे का, हे तपासायला एक गुणोत्तर पुरते: दिलेल्या ऑर्डरींचे प्रचरण भागिले आलेल्या मागणीचे प्रचरण. प्रचरण म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत याचे माप. उत्तर एकापेक्षा जास्त आले, तर ती पायरी हेलकावे वाढवते आहे. आकडे मात्र आठवड्याचेच घ्यावेत. वरच्या उदाहरणात बारा आठवड्यांची बेरीज केली, तर कारखान्याकडे 1,440 नग मागितले गेले आणि ग्राहकांनी 1,320 घेतले. फरक 120, म्हणजे तिघांच्या गोदामांत वाढलेले प्रत्येकी 40. तिमाही अहवालात एवढेच दिसेल, 180 आणि 60 दिसणार नाहीत.