कन्नडचा ‘ब’ आणि मराठीचा ‘म’: डबिंग-संहितेची पार्श्वभूमी

कन्नड चित्रपट मराठीत डब करताना मराठी संवाद नटाच्या ओठांशी जुळवावे लागतात. फिल्मच्या काळात त्यासाठी संवादाचा छोटा तुकडा कापून त्याचे लूप करीत आणि ओठ जुळेपर्यंत ते पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरवीत. लूप कमी लागावेत म्हणून संहिता आधीच मोजून घेण्याची शिस्त आली. कर्नाटकात 1960च्या दशकापासून कन्नडमध्ये डबिंग करण्यावर चित्रपट व्यवसायातील संघटनांची अलिखित बंदी होती. 2015मध्ये स्पर्धाविषयक केंद्रीय नियामकाने ती अयोग्य ठरवली. ही बंदी कन्नडमध्ये येणाऱ्या डबिंगवर होती, कन्नडमधून मराठीत जाणाऱ्यावर नव्हती. तरीही सीमाभागातल्या चर्चेत या दोन गोष्टींची गल्लत होते.

खरा वाद संहितेत मोजायचे काय, याचा आहे. लिहिलेली अक्षरे मोजणारी जुनी पद्धत मराठीत फसते, कारण ‘येणार’ हा शब्द लिहिताना तीन अक्षरांचा असला तरी शेवटच्या ‘र’मधला ‘अ’ उच्चारला जात नसल्याने तोंडात ‘ये-णार’ असे दोनच ठोके येतात. कन्नड शब्द बहुधा स्वरान्त असल्यामुळे तिथे लेखन आणि उच्चार यांत एवढी तफावत पडत नाही. माझ्या मते उच्चारातले ठोके मोजणे हाच मार्ग आहे, आणि त्याहून आधी पाहायचे ते प, फ, ब, भ, म, कारण यांना ओठ मिटावेच लागतात.

‘नानु बरोदिल्ल’ या कन्नड वाक्यात सहा ठोके आहेत आणि ओठ तिसऱ्यावर मिटतात. ‘मी येणार नाही’ हा भाषांतर म्हणून निर्दोष पर्याय पाच ठोक्यांचा आहे, शिवाय त्यात ओठ पहिल्याच ठोक्याला मिटतात. नट पाठमोरा असेल तर हे चालून जाते, पण क्लोजअपमध्ये उघड्या तोंडातून ‘मी’ ऐकू येतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कन्नड कळणाऱ्या प्रेक्षकाला तर मूळ ‘ब’ ओठांवर दिसतोच. ‘आता मी येत नाही’ केले की ठोके सहा होतात आणि ‘मी’ नेमका तिसऱ्यावर पडतो. मात्र ‘आता’मुळे पूर्वी येत असल्याची छटा शिरते, आणि ती प्रसंगाला सोसते का हे संहितालेखकाला ठरवावे लागते.

डिजिटल ध्वनिमुद्रण आल्यापासून वाक्य किंचित ताणता किंवा आवळता येते, त्यामुळे एखादा ठोका कमी-जास्त झाला तरी निभावते. पण अशा ताणण्याने ओठ कितव्या ठोक्याला मिटतात ते बदलत नाही, म्हणून ते संहितेतच साधावे लागते.

हिंदीत आधी झालेल्या संहितेवरून मराठी करण्याची सोय इथेच महागात पडते, कारण ‘मैं नहीं आऊँगा’मध्ये ओठ पहिल्याच ठोक्याला मिटतात आणि मूळ ‘ब’चा पत्ताच उरत नाही. पात्र उत्तर कर्नाटकी बोलीत ‘ना बरंगिल्ल’ म्हणत असेल, तर ठोके पाच होतात आणि ओठ दुसऱ्यावर मिटतात. तिथे ‘आज मी येत नाही’ बसते.