मालसाठ्याचे मूल्यांकन: फिफो आणि भारित सरासरी

वर्षअखेरीस न विकला गेलेला माल कोणत्या दराने धरायचा, हे ठरवण्याच्या दोन रूढ पद्धती. ‘फिफो’मध्ये आधी आलेला माल आधी गेला असे मानतात, त्यामुळे शिल्लक मालाला ताज्या खरेदीचा दर लागतो. भारित सरासरीत एकूण किंमत भागिले एकूण नग, असा एकच दर सगळ्याला लावतात. गोदामातून प्रत्यक्षात कोणता खोका आधी उचलला, याच्याशी याचा संबंध नसतो. गृहीत धरलेला असतो तो फक्त दराचा क्रम. आंतरराष्ट्रीय लेखामानक आयएएस २ या दोन्ही पद्धती मान्य करते, शेवटी आलेला माल आधी गेला असे मानणारी ‘लिफो’ मात्र नाही.

समजा, आरंभी १०० नग ५० च्या दराने होते. पुढे १०० नग ६० ने आणि ३०० नग ७० ने घेतले. एकूण ५०० नग, किंमत ३२,०००. वर्षभरात ४०० नग ९० ने विकले, म्हणजे विक्री ३६,००० आणि शिल्लक १०० नग. फिफोने ही शिल्लक ७० च्या दराने ७,००० ची होते आणि ढोबळ नफा ११,००० येतो. सरासरी दर ६४, म्हणून त्या पद्धतीने शिल्लक ६,४०० आणि नफा १०,४००. विक्री तीच, खरेदी तीच, तरी करपात्र नफ्यात ६०० चा फरक. कराचा दर २५ टक्के असेल तर कर १५० ने कमीजास्त. दर उतरते असले की चित्र उलटते.

हा कर वाचला असे म्हणणे मात्र घाईचे आहे. यंदाची अखेरची शिल्लक हीच पुढच्या वर्षाची आरंभीची शिल्लक. उरलेले १०० नग पुढच्या वर्षी ९० नेच विकून साठा संपवला, तर फिफोने २,००० आणि सरासरीने २,६०० नफा दिसतो. दोन वर्षांची बेरीज दोन्हीकडे १३,०००. कर टळत नाही, पुढे ढकलला जातो. अर्थात साठा कायम राहिला आणि दर चढतच गेले, तर ही ढकलाढकल बरीच लांबते.

सर्वात जास्त सापडणारी चूक म्हणजे दरांचीच सरासरी काढणे. ५०, ६० आणि ७० यांची सरासरी ६०. त्या दराने शिल्लक ६,००० धरली की नफा ४०० ने कमी दिसतो, कारण ७० ने घेतलेल्या ३०० नगांचे वजनच मोजले गेलेले नसते. ओळखायची खूण सोपी आहे: विकलेल्या मालाची किंमत आणि शिल्लक, दोन्ही त्याच दराने काढून मिळवली तर ३२,००० भरत नाहीत, ३०,००० च येतात.

दुसरा घोळ सॉफ्टवेअरमध्ये होतो. तिथे बहुधा प्रत्येक खरेदीनंतर नवा दर काढणारी चल सरासरी असते. वरच्याच उदाहरणात ७० ची खरेदी येण्याआधी १०० नग विकले गेले असतील, तर तो दर ६६.२५ आणि शिल्लक ६,६२५ होते. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, पण एका वर्षी एक आणि दुसऱ्या वर्षी दुसरा वापरला की तपासणीत प्रश्न येणारच. फिफोत ही भानगड नाही: नोंदी रोज करा किंवा वर्षअखेरीस, शिल्लक तीच येते.

बाजारभाव कोसळला तर पद्धतींमधला फरक मिटूही शकतो. विक्रीचा खर्च वजा जाता नगाला ६२ च मिळणार असतील, तर ७० चा आणि ६४ चा, दोन्ही दर ६२ वर आणावे लागतात.